‘पूर्णविराम’ हा शब्द काढून टिंब कसे आणावे: बोलून टाइप केलेल्या मराठी मजकुराची साफसफाई

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले अनेक वार्ताहर आता बातमी हाताने लिहीत नाहीत. फोनवर मराठी आवाज-टायपिंग सुरू करून सांगतात आणि तो मजकूर बेळगावला पाठवतात. सांगणारा सवयीने “पूर्णविराम”, “स्वल्पविराम”, “नवा परिच्छेद” असे उच्चारतो. इंग्रजीत बोलणाऱ्याच्या अशा उच्चारांची चिन्हे होतात, पण मराठीत बहुतेक वेळा ते शब्द जसेच्या तसे उमटतात. हाती येते ती एक सलग, लांबच लांब ओळ, आणि तिच्यात विरामचिन्हांची नुसती नावे विखुरलेली.

हे शब्द एकेक करून पुसत बसण्याऐवजी शोधा-आणि-बदलाने काम फार लवकर होते. मात्र ते आंधळेपणाने केले की मजकूर बिघडतो, कारण यातले काही शब्द मराठीत आज्ञा म्हणूनही येतात आणि खऱ्या अर्थानेही. “वादाला पूर्णविराम मिळाला” हे वाक्य बातम्यांत किती वेळा येते ते बातमी लिहिणाऱ्याला सांगायला नको. पुढची सगळी पद्धत या एकाच अडचणीभोवती बांधलेली आहे.

येथे लिब्रेऑफिस रायटर धरून लिहिले आहे. तो फुकट मिळतो आणि त्याच्या शोध-खिडकीत नमुने, म्हणजे एका शब्दाची अनेक रूपे एकदम शोधणारी सूत्रे, लिहिता येतात. वर्ड किंवा पायथन वापरणाऱ्यांसाठी काय बदलते ते शेवटी आहे.

नमुन्याचा मजकूर

पद्धत समजावी म्हणून हा उतारा रचला आहे. अडचणीची सगळी ठिकाणे त्यात मुद्दाम ठेवली आहेत.

```
जांबोटी परिसरात गव्यांचा वावर वाढला असून भात स्वल्पविराम ऊस आणि नाचणीचे नुकसान होत आहे पूर्णविराम वनखात्याच्या बंदोबस्तावर शेतकऱ्यांनी प्रश्नचिन्ह उपस्थित केले आहे पूर्ण विराम नवा परिच्छेद एक शेतकरी म्हणाले अल्पविराम अवतरण सुरू भरपाई कधी मिळणार प्रश्नचिन्ह अवतरण बंद नवीन परिच्छेद पंचनाम्यात 2 पूर्णविराम 5 एकर भाताची नोंद झाली फुल स्टॉप पंचनाम्यानंतर तरी या वादाला पूर्णविराम मिळावा अशी अपेक्षा आहे फुलस्टॉप पर्यटनस्थळ म्हणून या भागाची नवी ओळख होत आहे पूर्णविराम
```

टिंबासाठी यात चार रूपे आली आहेत: पूर्णविराम, पूर्ण विराम, फुल स्टॉप आणि फुलस्टॉप. स्वल्पविरामाला एकदा “अल्पविराम” म्हटले आहे. सीमाभागात हे नेहमीचे आहे. कन्नडमध्ये आणि हिंदीतही या चिन्हाला अल्पविराम म्हणतात, त्यामुळे कन्नड माध्यमात शिकलेला माणूस मराठीत सांगतानाही तोच शब्द वापरतो. “अर्धविराम” मात्र तिन्ही भाषांत अर्धविरामच, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

आधी यादी, मग बदल

मूळ मजकूर वेगळ्या नावाने जतन करून ठेवा आणि बदल फक्त प्रतीत करा. मग पहिले पान नुसते वाचा व त्या माणसाने वापरलेल्या आज्ञा कागदावर उतरवा. एका माणसाची सवय सहसा बदलत नाही. ज्याने एकदा “नेक्स्ट पॅरा” म्हटले तो शेवटपर्यंत तेच म्हणतो. म्हणून प्रत्येक वार्ताहराची यादी एकदाच करावी लागते.

यादी करताना ऐकणाऱ्या यंत्राच्या चुकाही टिपा. “कॉमा” हा शब्द “कोमा” किंवा “कामा” असाही उमटतो. “कोमा” आंधळेपणाने बदलला तर “रुग्ण कोमात आहे” या वाक्याचे “रुग्ण ,त आहे” होईल. “कामा” बदलला तर “कामासाठी”ची तीच गत. अशी रूपे यादीत वेगळी काढा. ती एकदम बदलायची नसतात, एकेक पाहूनच बदलायची असतात.

पहिली फेरी: सगळी रूपे एका रूपावर

रायटरमध्ये `Ctrl+H` दाबा. खिडकीत खालचे इतर पर्याय उघडून `Regular expressions` या चौकटीत खूण करा. ही खूण नसेल तर पुढचा एकही नमुना चालणार नाही आणि “काही सापडले नाही” एवढेच उत्तर येईल. `Find` मध्ये पहिली ओळ आणि `Replace` मध्ये दुसरी टाका:

```
(?<!\S)(पूर्ण +विराम|पुर्ण ?विराम|फु?ू?ल ?स्टॉप)(?!\S)
पूर्णविराम
```

`(?<!\S)` म्हणजे “या आधी चिकटलेले अक्षर नको” आणि `(?!\S)` म्हणजे “या नंतर चिकटलेले अक्षर नको”. दोन्ही फक्त पाहतात, मजकुरातले काही खात नाहीत. यांच्यामुळे “पूर्णविरामाची” किंवा “फुलस्टॉपनंतर” असे प्रत्यय लागलेले शब्द आपोआप सुटतात. आज्ञेला कधी प्रत्यय लागत नाही, बोलण्यातल्या खऱ्या शब्दाला तो बहुधा लागतो. हा फरक मराठीने आपल्याला फुकट दिलेला आहे.

कोलन म्हणून कोणी “अपूर्ण विराम” म्हणत असेल तर तोही सुरक्षित राहतो, कारण “पूर्ण” च्या आधी “अ” चिकटलेला आहे. साध्या शोधात मात्र “अपूर्णविराम” मधला “पूर्णविराम” सापडतो आणि मागे “अ.” उरते.

त्याच रीतीने स्वल्पविराम एकवटा:

```
(?<!\S)(अल्प ?विराम|स्वल्प +विराम|कॉमा)(?!\S)
स्वल्पविराम
```

“प्रश्न चिन्ह” आणि “प्रश्नचिह्न” यांचे “प्रश्नचिन्ह” करा, “अवतरण सुरु” चे “अवतरण सुरू” करा, “नवीन परिच्छेद” आणि “नेक्स्ट पॅरा” यांचे “नवा परिच्छेद” करा. हे उरकले की पुढच्या प्रत्येक फेरीत एकाच रूपाचा विचार करावा लागतो.

दुसरी फेरी: खरे शब्द झाकून ठेवणे

ही फेरी टाळली की बातमीत “या वादाला. मिळावा” असे छापून येते. कल्पना साधी आहे. जिथे “पूर्णविराम” हा खरा शब्द आहे तिथे त्याच्या पोटात एक खूण घालायची, म्हणजे पुढचा बदल त्याला ओळखणार नाही. खुणेसाठी `#` घ्या. त्याआधी मजकुरात `#` कुठे नाही याची शोधून खात्री करा.

खरा “पूर्णविराम” ओळखायचा तो पुढच्या क्रियापदावरून. वादाला पूर्णविराम मिळतो, चर्चेला पूर्णविराम दिला जातो, अफवांना पूर्णविराम लागतो.

```
पूर्णविराम(?= (मिळ|दिल|देऊ|द्या|लाग))
पूर्ण#विराम
```

येथे `Replace All` दाबू नका. `Find Next` ने एकेक पाहा आणि योग्य तिथेच `Replace` करा. कारण “दिल” या अक्षरांनी “दिल्ली” सुद्धा सुरू होते: “पथक रात्री पोहोचले पूर्णविराम दिल्लीहून अधिकारी आले”. “लाग” ने “लागवड” सुरू होते. अशा ठिकाणी तो खराखुरा टिंबाचा हुकूम असतो. मागचा शब्द पाहिला की सहसा निकाल लागतो. मागे “-ला” किंवा “-ना” लागलेले नाम असेल तर शब्द खरा, क्रियापद असेल तर आज्ञा. पण “पोहोचला” ही “-ला” नेच संपतो, म्हणून हा निर्णय नमुन्यावर न सोडता डोळ्यांवर सोडावा.

प्रश्नचिन्हाचेही तसेच, फक्त ते सोपे आहे:

```
प्रश्नचिन्ह(?= (उपस्थित|निर्माण|उभ|लाग))
प्रश्न#चिन्ह
```

पहिल्या फेरीनंतर आपल्या उताऱ्यात “पूर्णविराम” सात ठिकाणी आहे. त्यातला “वादाला पूर्णविराम मिळावा” एवढा एकच झाकला जातो. “प्रश्नचिन्ह” दोन ठिकाणी आहे, त्यातले “उपस्थित” च्या आधीचे झाकले जाते. व्याकरणाच्या धड्यासारखा मजकूर असेल तर प्रत्येक ओळीतच हे शब्द खऱ्या अर्थाने येतील. तिथे या फेरीत वेळ घालवू नये. सांगणाऱ्याला आधीच वेगळी आज्ञा ठरवून द्यावी, उदाहरणार्थ “खूण टिंब”, “खूण शेपूट”. असे जोडशब्द धड्यात कधी येत नाहीत.

तिसरी फेरी: चिन्हे

आता आज्ञेच्या जागी चिन्ह. मराठीत चिन्हाआधी मोकळी जागा नसते, म्हणून नमुन्याची सुरुवात मोकळ्या जागेने करायची, म्हणजे ती शब्दाबरोबरच जाते. ` +` म्हणजे एक किंवा अधिक मोकळ्या जागा.

```
 +पूर्णविराम(?!\S)
.
```

```
 +स्वल्पविराम(?!\S)
,
```

```
 +प्रश्नचिन्ह(?!\S)
?
```

येथे `Replace All` चालेल. नमुन्याच्या सुरुवातीची मोकळी जागा कॉपी करताना गळून पडते, ती हाताने टाइप करा. मागची मोकळी जागा नमुन्यात का घेतली नाही? कारण दोन आज्ञा बऱ्याचदा लागोपाठ येतात: “प्रश्नचिन्ह अवतरण बंद”, “पूर्णविराम नवा परिच्छेद”. मागची जागा पहिल्या आज्ञेने खाल्ली तर दुसऱ्या आज्ञेच्या पुढे जागाच उरत नाही आणि ती सापडत नाही.

यंत्र हिंदीवर ठेवून सांगितले असेल तर कधी कधी दंडही येतो. `।` शोधून टिंब करा, मराठीत वाक्य टिंबानेच संपते. इंग्रजीप्रमाणे वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची कटकट आपल्याकडे नाही, तेवढे एक काम वाचते.

अवतरण

सांगणारा “सुरू” आणि “बंद” म्हणत असेल तर काम सरळ आहे. उघडणाऱ्या चिन्हानंतरची जागा जाते, बंद होणाऱ्याच्या आधीची जाते:

```
 +अवतरण सुरू(?!\S) *
 “
```

```
 +अवतरण बंद(?!\S)
”
```

पहिल्या बदलात `“` च्या आधी एक मोकळी जागा आहे, ती विसरू नका. नाहीतर “म्हणाले,“भरपाई” असे चिकटते.

काही जण दोन्हीकडे नुसते “अवतरण चिन्ह” म्हणतात. मग जोड्या लावाव्या लागतात:

```
अवतरण चिन्ह +([^“”]+?) +अवतरण चिन्ह(?!\S)
“$1”
```

सांगणारा एका ठिकाणी बंद करायला विसरला असेल तर तिथून पुढच्या सगळ्या जोड्या उलट्या लागतात. बोलणे अवतरणाबाहेर आणि “असे ते म्हणाले” अवतरणात. म्हणून हाही बदल एकेक पाहून करा आणि “म्हणाले” अवतरणात गेलेले दिसले की तिथेच थांबून मागची चूक शोधा.

परिच्छेद सगळ्यात शेवटी

परिच्छेद आधी तोडले तर पुढची आज्ञा नव्या परिच्छेदाच्या अगदी आरंभी येते, तिच्यापुढे मोकळी जागा नसते, आणि ` +` ने सुरू होणारा नमुना तिला ओळखत नाही. “नवा परिच्छेद अवतरण सुरू” हे तर बातमीत हमखास येते. म्हणून हा क्रम पाळा.

```
 +नवा परिच्छेद(?!\S) *
\n
```

रायटरच्या `Replace` मध्ये `\n` म्हणजे नवा परिच्छेद, एंटर दाबल्यासारखा. (`Find` मध्ये त्याच `\n` चा अर्थ शिफ्ट-एंटरची ओळ असा वेगळा होतो, हे जरा विचित्र आहे खरे.) शिफ्ट-एंटरची ओळ बदलाच्या खिडकीतून घालता येत नाही, त्यामुळे “नवी ओळ” या आज्ञेलाही परिच्छेदच द्यावा. अर्जातल्या पत्त्याच्या ओळींना तो चालतो, नंतर फक्त दोन परिच्छेदांमधले अंतर शून्य करायचे.

```
 +(नवी|नवीन|पुढची) ओळ(?!\S) *
\n
```

येथे `(?!\S)` गाळलात तर आपल्या उताऱ्यातली “नवी ओळख” फुटेल आणि एका परिच्छेदाच्या आरंभी एकटा “ख” उभा राहील. या एका चुकीने कितीतरी मजकूर बिघडलेले दिसतात, कारण “ओळख”, “ओळखपत्र” हे बातमीतले रोजचे शब्द आहेत.

आता `#` शोधून `Replace` रिकामे ठेवून तो काढून टाका. झाकलेले शब्द पूर्ववत होतात.

आकड्यांतले टिंब

“2 पूर्णविराम 5” चे या टप्प्यावर “2. 5” झालेले असेल. हे शोधा:

```
([0-9०-९])\. ([0-9०-९])
$1.$2
```

मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते, आकड्याने क्वचित. म्हणून दोन आकड्यांमधले टिंब बहुतेक वेळा दशांश किंवा तारीख असते. तरीही “निकाल लागला 2024. 15 जण उत्तीर्ण” असे तुटक वाक्य यादीसारख्या मजकुरात येऊ शकते, तेव्हा एकेक पाहा. “ता. खानापूर, जि. बेळगाव” यांतल्या टिंबांना काही करावे लागत नाही, त्यांच्यानंतर जागा असणेच बरोबर.

एवढे झाल्यावर उतारा असा दिसतो:

```
जांबोटी परिसरात गव्यांचा वावर वाढला असून भात, ऊस आणि नाचणीचे नुकसान होत आहे. वनखात्याच्या बंदोबस्तावर शेतकऱ्यांनी प्रश्नचिन्ह उपस्थित केले आहे.
एक शेतकरी म्हणाले, “भरपाई कधी मिळणार?”
पंचनाम्यात 2.5 एकर भाताची नोंद झाली. पंचनाम्यानंतर तरी या वादाला पूर्णविराम मिळावा अशी अपेक्षा आहे. पर्यटनस्थळ म्हणून या भागाची नवी ओळख होत आहे.
```

सात “पूर्णविराम” पैकी एक शब्द राहिला, एक दशांश झाला, पाच वाक्ये संपली. हिशेब जुळतो.

चुकले आहे हे कसे ओळखावे

सगळा मजकूर पुन्हा वाचण्याआधी चार शोध करा. पहिला, उरलेल्या आज्ञांचा:

```
विराम|चिन्ह|अवतरण|परिच्छेद|स्टॉप
```

सापडलेले प्रत्येक ठिकाण खरा शब्द आहे का ते पाहा. परिच्छेदाच्या आरंभी अडकलेल्या आणि “पूर्णविराम.” अशा आधीच चिन्ह लागलेल्या आज्ञा इथे हाती लागतात. सांगताना मध्येच माइक बंद झाला असेल तर “पूर्ण” एका परिच्छेदाच्या शेवटी आणि “विराम” पुढच्याच्या आरंभी असेही होते. रायटर एका परिच्छेदाच्या आतच शोधतो, त्यामुळे ही जोडी आधीच्या कोणत्याही फेरीत सापडलेली नसते.

दुसरा, क्रियापदाने सुरू होणाऱ्या वाक्यांचा:

```
[.?] (मिळ|दिल|देऊ|उपस्थित|निर्माण|लाग)
```

मराठी वाक्य अशा शब्दांनी सहसा सुरू होत नाही. “दिल्ली”, “लागवड” असे शब्द सोडून काही सापडले तर झाकायचा शब्द राहून गेला आहे, तिथे चिन्ह काढून मूळ शब्द परत लिहा.

तिसरा, अनाथ कान्यामात्रांचा:

```
[ .,?][\u093E-\u094D]
```

शब्द मधेच तुटला असेल तर त्याची उरलेली मात्रा एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते, जसे “.◌ाला”. हा शोध ती ठिकाणे दाखवतो. चौथा शोध `“[^”]*“` हा. यात काही सापडले तर एक अवतरण बंद व्हायचे राहिले आहे.

वर्ड आणि पायथन

वर्डच्या `Use wildcards` मध्ये `(?!\S)` सारखी सोय नाही. तिथे साध्या शोधात दोन्ही बाजूंना मोकळी जागा देऊन ` पूर्णविराम ` लिहावे आणि बदलात टिंब व एक जागा द्यावी. लागोपाठच्या आज्ञांसाठी हीच फेरी दोनदा चालवावी, आणि परिच्छेदाच्या शेवटच्या आज्ञेसाठी ` पूर्णविराम^p` वेगळे शोधावे. नव्या परिच्छेदाची खूण तिथे `^p` आहे.

रोज बऱ्याच बातम्या येत असतील तर पायथन सोयीचे, पण त्यात `\b` वापरू नका. पायथनच्या `re` मध्ये देवनागरीच्या मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत. त्यामुळे `\bपूर्णविराम\b` हे “पूर्णविरामाला” मध्येही जुळते आणि “ाला” मागे उरते. उलट `\bकॉमा\b` हे सुट्या “कॉमा” शी जुळतच नाही, कारण तो मात्रेवर संपतो. वर वापरलेले नमुने तिथे जसेच्या तसे चालतात, फक्त `$1` च्या जागी `\1` लिहायचे:

```python
import re
t = open("batmi.txt", encoding="utf-8").read()
for a, b in [(r" +पूर्णविराम(?!\S)", "."),
             (r" +स्वल्पविराम(?!\S)", ","),
             (r" +प्रश्नचिन्ह(?!\S)", "?"),
             (r" +अवतरण सुरू(?!\S) *", " “"),
             (r" +अवतरण बंद(?!\S)", "”"),
             (r" +नवा परिच्छेद(?!\S) *", "\n")]:
    t = re.sub(a, b, t)
t = t.replace("#", "")
open("batmi2.txt", "w", encoding="utf-8").write(t)
```

यात झाकण्याची फेरी मुद्दाम घातलेली नाही. रूपे एकवटणे आणि झाकणे रायटरमध्ये डोळ्यांखाली करावे, मग फाइल साधा मजकूर म्हणून यूटीएफ-8 मध्ये जतन करून या ओळींच्या हवाली करावी.

मजकूर व्हॉट्सॲपच्या अनेक निरोपांतून एकदम कॉपी केला असेल तर प्रत्येक निरोपापुढे चौकटी कंसात तारीख व वेळ आणि त्यानंतर नाव येते. पहिल्या फेरीच्याही आधी `^\[[^\]]*\] [^:]*: ` या नमुन्याने तो भाग काढून टाका. नाहीतर तो बातमीत राहतोच, शिवाय दोन निरोपांच्या सांध्यावर तुटलेली आज्ञाही जोडता येत नाही.